कॅप्शन मर्यादेत बसत नाही, लिंक तुटते, मुद्दा हरवतो: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

संस्थांच्या सोशल मीडियाच्या पानांवर मजकूर टाकण्याचं काम मी करतो. कॅप्शन बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं असतं, पत्रासारखं लांबलचक, आणि शेवटी एक लिंक. ते एक्सच्या २८० अक्षरांत किंवा एसएमएसच्या एका-दोन भागांत बसवायचं असतं. बिघाड जवळजवळ नेहमी त्याच चार-पाच ठिकाणी सापडतो, म्हणून तपासणीचा क्रम इथे लिहून ठेवतो आहे. आधी फुकटचे आणि मिनिटाभराचे उपाय, मग डोकं लावायचे.

लक्षणं

पुढचं काहीही होत असेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

मजकूर डोळ्यांना छोटा दिसतो, मोजला तर दीडशे अक्षरंही वाटत नाहीत, तरी एक्सच्या खालचं वर्तुळ लाल होतं आणि उणे आकडा दाखवतं.

एका मराठी एसएमएसचे पैसे तीन एसएमएसचे लागतात.

मजकूर बसतो, पण लिंक अर्धीच निळी होते किंवा दाबल्यावर "पान सापडलं नाही" येतं.

सगळं बसवून पोस्ट टाकली, आणि खाली पहिलीच प्रतिक्रिया येते: "शेवटची तारीख कोणती?" हे लक्षण सगळ्यात महाग, कारण यात मर्यादा पाळली गेली आणि निरोप मेला.

१. आधी मोजणी कशाची होते ते बघा

याला एक पैसा लागत नाही आणि निम्मा गोंधळ इथेच मिटतो. आपण मराठीत अक्षर मोजतो तेव्हा "कार्यक्रम" हा शब्द चार अक्षरी धरतो: का, र्य, क्र, म. यंत्र तसं मोजत नाही. त्याच्या हिशोबात प्रत्येक व्यंजन, प्रत्येक मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलन्त ही वेगवेगळी खूण असते. त्यामुळे "कार्यक्रम" नऊ भरतो. "नोंदविण्याची" डोळ्यांना पाच, यंत्राला बारा.

खात्री करायची असेल तर शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेस दाबत जा. संगणकावर बहुतेक ठिकाणी देवनागरीत एका दाबाला एकच खूण पुसली जाते: आधी मात्रा, मग व्यंजन, मग हलन्त. जितके दाब, तितकी त्या शब्दाची किंमत. पायथन हाताशी असेल तर तेही हेच उत्तर देतं:

```python
print(len("कार्यक्रम"))   # 9
```

एक्सवर देवनागरीची प्रत्येक खूण एक धरली जाते, इमोजी मात्र दोन. लिंक कितीही लांब किंवा आखूड असो, तिचे सरसकट २३ लागतात, कारण एक्स प्रत्येक लिंक स्वतःच्या t.co पत्त्यात गुंडाळतं. म्हणजे एक्ससाठी लिंक आखूड करत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे. अठरा अक्षरांच्या आखूड लिंकलाही २३ च मोजले जातात.

एसएमएसचं गणित वेगळं आहे. साध्या इंग्रजी अक्षरांतला एसएमएस १६० अक्षरांचा. त्यात देवनागरीची एक जरी खूण आली तरी पूर्ण संदेश दुसऱ्या पद्धतीने साठवला जातो आणि मर्यादा ७० वर येते. संदेश ७० च्या पुढे गेला की तो भागांत तुटतो आणि प्रत्येक भागात ६७ च मावतात, कारण उरलेली जागा भाग जोडण्याच्या माहितीला जाते. इथे लिंकला २३ ची सवलत नाही, ती जितकी लांब तितकी मोजली जाते.

इन्स्टाग्रामवर मर्यादा २२०० ची, म्हणजे ऐसपैस. तिथे खरी मर्यादा वेगळीच आहे: फीडमध्ये पहिल्या एक-दोन ओळींनंतर मजकूर दुमडला जातो आणि कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही. तेव्हा "बसलं" याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी निराळा. आपण कुठे अडलो आहोत हे ठरवल्याशिवाय एकही शब्द कापू नका.

२. लिंकचं शेपूट

दुसरी तपासणी लिंकची, कारण इथे मजकुराला हात न लावता जागा मिळते.

कॉपी केलेल्या लिंकमध्ये प्रश्नचिन्हानंतर `utm_source=`, `fbclid=`, `igsh=`, `si=` असं काही असेल तर ते कोण कुठून आलं हे मोजण्यासाठी लावलेलं असतं. पान त्याच्याशिवायही उघडतं. काढून टाका, पण काढल्यावर लिंक एकदा उघडून बघा. यूट्यूबच्या लांब लिंकमधलं `v=` मात्र व्हिडिओची ओळख आहे आणि `t=` म्हणजे कुठल्या सेकंदापासून सुरू करायचं ते. या दोघांना हात लावू नका. आणि संस्थेने `utm_` मुद्दाम लावलं असेल तर विचारून काढा, कारण त्यांचा प्रतिसादाचा हिशोब त्यावर चालतो.

मराठी पत्ते असलेल्या पानांची अडचण जास्त चिवट आहे. पत्त्यात देवनागरी असेल तर ब्राउझरमधून कॉपी करताना तिचं `%E0%A4%AE` असं रूपांतर होतं. एका "म" ची ही नऊ अक्षरं. मराठी विकिपीडियावरच्या "महाराष्ट्र" या पानाचा पत्ता असा कॉपी केला तर शीर्षकाच्या दहा खुणांची नव्वद अक्षरं होतात आणि पूर्ण लिंक १२० ला जाते. एसएमएसमध्ये जवळजवळ दोन भाग लिंकनेच खाल्ले. विकिपीडियासाठी w.wiki ही त्यांची स्वतःची आखूड लिंक मिळते, ती वापरा. संस्थेचं स्वतःचं संकेतस्थळ असेल तर त्या पानाला रोमन अक्षरांतला छोटा पत्ता द्यायला सांगा.

`%` च्या जागी देवनागरी तशीच चिकटवण्याचा मोह होतो, कारण ती छान दिसते. एक्सवर ती पहिल्या देवनागरी अक्षरापाशी तुटू शकते. पोस्ट करण्याआधी निळा रंग शेवटच्या अक्षरापर्यंत जातो का हे बघायची सवय लावा.

फुकटच्या लिंक-आखूडकांबद्दल माझं मत सांगतो. जिथे लिंकचं प्रत्येक अक्षर मोजलं जातं तिथेच ते वापरावेत, आणि दीर्घकाळ टिकायला हव्या अशा मजकुरात वापरूच नयेत. गूगलने goo.gl वर नवी लिंक बनवणं २०१९ मध्ये बंद केलं, आणि २०२५ मध्ये वापरात नसलेल्या जुन्या लिंकही बंद केल्या. शिवाय सरकारी किंवा बँकेच्या कामाची लिंक आखूड केली की मूळ पत्ता झाकला जातो. `gov.in` दिसलं की माणूस विश्वासाने दाबतो, अनोळखी पत्ता दिसला की फसवणुकीच्या भीतीने थांबतो, आणि थांबतो ते बरोबरच करतो.

३. लिंकला चिकटलेली मराठी

हा खास आपल्या भाषेतला बिघाड. आपण विभक्ती शब्दाला जोडून लिहितो, त्याच सवयीने लोक लिंकलाही "वर" किंवा "ला" जोडतात: `https://voters.eci.gov.inवर नोंदणी करा`. काही ठिकाणी ते "वर" पत्त्याचा भाग समजलं जातं आणि लिंक मरते. लिंकच्या आधी आणि नंतर मोकळी जागा किंवा नवी ओळ हवीच. वाक्यच असं करा की लिंकला प्रत्यय लागणार नाही: "इथे नोंदवा:" आणि पुढे लिंक. लिंकनंतर पूर्णविरामही देऊ नका, नवी ओळ घ्या.

४. न दिसणारा माल

लाल आकडा अजून जात नसेल तर हे बघा. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये बदललेल्या किंवा वर्डमधून उचललेल्या मजकुरात अदृश्य जोडखुणा, दुहेरी मोकळ्या जागा आणि ओळींच्या शेवटी रिकाम्या जागा असतात. त्या दिसत नाहीत, पण मोजल्या जातात. बॅकस्पेस दाबला आणि पडद्यावर काहीच बदललं नाही, तर तिथे अशी खूण होती असं समजा. मजकूर साध्या नोटपॅडमध्ये टाकून तिथून परत उचलणं एवढ्याने अक्षरांचे रंग-आकार जातात, अदृश्य खुणा जातीलच असं नाही. संशयित शब्द पुन्हा टाइप करणं हा खात्रीचा उपाय.

याच फेरीत इमोजी आणि हॅशटॅगही बघा. ओळीच्या शेवटी पाच हॅशटॅगांची रांग असेल तर त्यातला कामाचा एकच ठेवा, आणि तोही वाक्यातल्याच शब्दाला # लावून. एका खुणेत काम होतं, शब्द दोनदा लिहावा लागत नाही.

५. आता मजकूर: एक उदाहरण पूर्ण सोडवून

इथपर्यंत भाषेला हात लावलेला नाही. आता लावायचा. मतदार नोंदणीचं हे कॅप्शन बघा. अशा साच्यातला मजकूर माझ्याकडे सतत येतो:

> सर्व नवमतदार बंधू-भगिनींना कळविण्यात अत्यंत आनंद होत आहे की, ज्या युवक-युवतींच्या वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली आहेत त्यांच्यासाठी मतदार यादीमध्ये नाव नोंदविण्याची सुवर्णसंधी उपलब्ध करून देण्यात आलेली आहे. त्याकरिता फॉर्म ६ ऑनलाइन पद्धतीने भरणे आवश्यक असून सोबत वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा व फोटो जोडणे गरजेचे आहे. तरी जास्तीत जास्त युवकांनी या संधीचा लाभ घ्यावा ही नम्र विनंती. अधिक माहितीसाठी व नोंदणीसाठी खालील लिंकवर क्लिक करावे: https://voters.eci.gov.in

एक्सच्या मोजणीने हे ४५८. म्हणजे १७८ जास्त.

कात्री लावण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा: कुणी करायचं, काय करायचं, कुठे करायचं, कशावाचून अडेल. इथे उत्तरं अशी: १८ पूर्ण झालेल्यांनी, फॉर्म ६ भरायचा, लिंकवर, तीन कागद-फोटोंवाचून अडेल. यातलं काहीही अंतिम मजकुरात नसेल तर तो छोटा झाला असला तरी चुकला. हा कागद आधी हवा, कारण कापताना नजर आकड्यावर जाते आणि नेमकी तारीख किंवा अट उडते.

पहिली कात्री चौकटीला. "सर्व नवमतदार" पासून "होत आहे की," पर्यंतची सुरुवात आणि "तरी जास्तीत जास्त युवकांनी" हे पूर्ण वाक्य या दोहोंत वरच्या चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर नाही. दोन्ही गेले की १२५ खुणा वाचतात आणि ३३३ उरतात. एकही माहिती न गमावता.

दुसरी कात्री क्रियापदांच्या शेपटांना. "उपलब्ध करून देण्यात आलेली आहे" हा २९ खुणांचा ऐवज फक्त "आहे" म्हणतो. सरकारी पत्रांतून ही सवय आपल्या हातात उतरली आहे: "करण्यात येत आहे", "देण्यात येईल", "भरणे आवश्यक असून". करणारा माणूस वाक्यातून गायब झाला की क्रियापद लांबतं. त्याला परत आणा आणि थेट सांगा: "भरा", "जोडा", "नोंदवा". काही जण म्हणतात, हे उद्धट वाटतं. मला तसं वाटत नाही. "भरा" मध्ये आदरार्थी रूप आहेच, "भर" म्हटलेलं नाही. "करावे" ने नम्रता वाढत नाही, फक्त अंतर वाढतं.

"ज्या... त्यांच्यासाठी" ही जोडी ६७ खुणा घेते. तिच्या जागी प्रश्न विचारला, "१८ वर्षे पूर्ण झाली?", की २० मध्ये तेच काम होतं आणि वाचणाऱ्याला लगेच कळतं की हे आपल्यासाठी आहे. "यादीमध्ये" चं "यादीत" केलं तरी चार वाचतात. पूर्ण पहिलं वाक्य आता "१८ वर्षे पूर्ण झाली? मतदार यादीत नाव नोंदवा." एवढं उरतं आणि एकूण आकडा २३५ वर येतो. मर्यादेत बसलो.

इथे थांबता येतं, पण मी थांबत नाही. लिंक अजून अगदी शेवटी आहे आणि तिच्याआधी "अधिक माहितीसाठी व नोंदणीसाठी खालील लिंकवर क्लिक करावे:" अशी ५४ खुणांची सूचना आहे. लिंक ही दाबायचीच असते, ते सांगावं लागत नाही. पुढे काय होईल ते सांगावं लागतं. म्हणून लिंक तिच्या कामाला नेऊन जोडा:

> १८ वर्षे पूर्ण झाली? मतदार यादीत नाव नोंदवा. फॉर्म ६ ऑनलाइन भरा: https://voters.eci.gov.in
> सोबत वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा व फोटो जोडा.

एकूण १३७. चारही उत्तरं शाबूत.

उरलेल्या १४३ चं काय करायचं? रिकामी सोडली तरी चालतं. पण मूळ कॅप्शनमध्ये जागा असूनही एक कामाची गोष्ट राहून गेली होती, आणि ती आता बसते: "१७ पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो." निवडणूक आयोगाने २०२२ पासून ही सोय दिली आहे, आणि पात्रतेच्या तारखाही वर्षात चार केल्या आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. ही ओळ नव्या ओळीवर टाकली की मजकूर १८१ होतो. मला या कामात हीच जागा सगळ्यात आवडते: फापटपसारा गेला की लिहिणाऱ्याच्या लक्षात येतं, खरं सांगायचं राहिलंच होतं.

६. तोच मजकूर दुसरीकडे नेताना

१३७ चा मजकूर एसएमएसला नेला तर लिंक २३ ऐवजी खऱ्या २५ अक्षरांची मोजली जाते. एकूण १३९. दोन भागांत १३४ मावतात, त्यामुळे पाच खुणांसाठी तिसऱ्या भागाचे पैसे लागतात. "सोबत" हा शब्द आणि त्यानंतरची मोकळी जागा काढली की बरोबर १३४. "वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा व फोटो जोडा" हे वाक्य त्यावाचून अडत नाही. हजारो नंबरांवर संदेश जाणार असेल तर त्या पाच खुणांचा फरक बिलात तिसऱ्या हिश्श्याचा आहे.

इन्स्टाग्रामवर पहिलं वाक्य तेच ठेवा, कारण दुमडण्याआधी तेवढंच दिसेल, आणि लिंकच्या जागी "लिंक प्रोफाइलमध्ये" लिहा. तिथे ती खरंच टाकली आहे ना हे दुसऱ्या फोनवरून बघा.

७. तरीही बसत नसेल तर

मग बहुधा एका कॅप्शनमध्ये दोन निरोप आहेत. नोंदणी कशी करायची आणि मतदान केंद्र कसं शोधायचं हे दोन्ही एकत्र असेल तर त्यांना तोडून दोन पोस्ट करा, प्रत्येकीला तिची लिंक. तपशिलाची यादी चित्रात टाकता येते, पण लिंक चित्रात टाकू नका: ती दाबता येत नाही आणि कुणी बघून टाइप करत नाही. चित्रात मजकूर असेल तर एक्सवर त्याला पर्यायी वर्णन लिहा. त्याला १००० अक्षरांची वेगळी जागा असते आणि ते २८० मध्ये धरलं जात नाही. पडदा-वाचक वापरणाऱ्यांपर्यंत ती यादी तिथूनच पोहोचते.

कापताना नकाराकडे विशेष लक्ष द्या. "३१ तारखेनंतर आलेले अर्ज स्वीकारले जाणार नाहीत" यातलं "नाहीत" धांदलीत उडालं की अर्थ उलटा होतो. ते आधीच होकारार्थी करून घ्या: "अर्ज ३१ तारखेपर्यंतच". आखूडही होतं आणि चूक व्हायची जागाही उरत नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

काही मजकूर आपण कापायचा नसतो, मर्यादा कितीही आड येवो.

निविदा, न्यायालयीन सूचना, औषधाचं प्रमाण, विमा किंवा गुंतवणुकीची जोखमीची सूचना: यातला शब्द बदलला तर जबाबदारी बदलते. मूळ मजकूर ज्या विभागाने किंवा वकिलाने दिला त्यांच्याकडूनच छोटं रूप लेखी घ्या. ते मिळेपर्यंत फक्त शीर्षक आणि लिंक टाका.

पैसे घेऊन केलेली पोस्ट असेल तर "जाहिरात" हा शब्द जागेसाठी काढू नका आणि शेवटच्या हॅशटॅगांतही ढकलू नका. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो सुरुवातीला, "आणखी" न दाबता दिसेल असा हवा. वाद असेल तर जाहिरातदाराच्या कायदा विभागाला विचारा.

संस्थेकडून जाणारे एसएमएस आपल्याकडे आधी नोंदवलेल्या नमुन्याप्रमाणेच जावे लागतात. मंजूर नमुन्यातला ठरीव शब्द तुम्ही परस्पर आखूड केलात तर संदेश अडतो. सुधारलेला नमुना सेवा देणाऱ्या कंपनीकडून पुन्हा मंजूर करून घ्या, लिंकसकट.

आणि लिंक स्वच्छ करूनही काही फोनवर उघडते, काहींवर नाही, किंवा भलत्याच पत्त्यावर जाते, असं दिसलं तर कॅप्शन लिहिणाऱ्याने हात काढून घ्यावा. ते काम संकेतस्थळ सांभाळणाऱ्याचं. त्याला कुठल्या फोनवर, कुठल्या ॲपमधून, काय दिसलं याचे स्क्रीनशॉट पाठवा आणि तो "झालं" म्हणेपर्यंत पोस्ट थांबवून ठेवा.